घोषवाक्यातून ‘गरजू’ आधी काढा

मा. संपादक,
स. न.

पुस्तक अदलाबदलीच्या उपक्रमासाठी घोषवाक्य मागवणारं आवाहन कालच्या अंकात वाचलं. सोबत नमुना म्हणून ‘जुनी पुस्तके द्या, गरजूंना मदत करा’ अशी ओळ छापली आहे. ती वाचून राहवलं नाही, कारण आता सगळे याच साच्यात ओळी रचून पाठवणार आणि त्यातलीच एक फ्लेक्सवर जाणार.

अदलाबदलीत प्रत्येक जण एक पुस्तक देतो आणि एक नेतो. या ओळीत मात्र फक्त देणारा दिसतो, आणि नेणारा दिसला की तो गरजू ठरतो. कॉलेजातली एखादी मुलगी मैत्रिणींच्या देखत त्या फ्लेक्सखाली उभी राहून पुस्तक उचलेल का? ती सरळ पुढे जाईल. बिघाड देणाऱ्याच्या बाजूनेही होतो. ‘मदत’ म्हटलं की माणूस घरात नको झालेलं काढून आणतो. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाईडं, अर्धवट भरलेल्या वह्या, कंपन्यांच्या डायऱ्या. मनापासून आवडलेली कादंबरी मदत म्हणून कुणी देत नाही. ती बदल्यात तशीच दुसरी मिळणार असेल तरच घराबाहेर पडते.

‘जुनं ते सोनं’ या वळणाच्या ओळीही येतीलच. त्यांचा उपयोग नाही, कारण टेबलावरच्या पुस्तकाची किंमत त्याच्या वयात नसते. ‘जुनं असलं तरी उपयोगाचं’ ही ओळ तर त्याहून वाईट. ‘तरी’ आला की वाचणाऱ्याला कळतं, इथे काहीतरी कमी आहे आणि आपली समजूत घातली जाते आहे. ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘निदान’ या शब्दांनीही तेच होतं. आलेल्या ओळी निवडताना पहिली चाळणी हीच लावावी: ज्या ओळीत असा शब्द असेल ती बाजूला ठेवायची. फोक्सवॅगनने १९५९ साली अमेरिकेत आपल्या छोट्या गाडीची जाहिरात ‘थिंक स्मॉल’ अशी केली. लांबरुंद गाड्यांच्या त्या बाजारात ‘लहान असली तरी चांगली’ असं म्हणायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी लहान असणं हाच मुद्दा केला, म्हणून ती जाहिरात आजही शिकवतात.

दुसरी चूक उलट्या टोकाची. ‘शहाणे वाचक पुस्तक बदलून घेतात’ असं काहीतरी सुचवायचा मोह होईल. कोल्हापुरात ‘लई शहाणा’ कशाला म्हणतात हे सांगायला नको. हुशारीचं प्रमाणपत्र बाहेरून दिलं की माणूस बिचकतो. ओळ अशी हवी की छोटासा हिशेब वाचणाऱ्यानेच मनात करावा आणि आपण बरोबर करतो आहोत हे त्याचं त्यालाच पटावं.

म्हणून माझी सूचना: ‘एक घेतलं, दहा वाचली.’ खाली लहान अक्षरांत नियम: ‘वाचलेलं पुस्तक आणा, न वाचलेलं घेऊन जा.’

हिशेब सोपा आहे. ३०० रुपयांची एक कादंबरी विकत घेतली, वाचून बदलली, आणि असं नऊ वेळा केलं तर दहा पुस्तकं वाचून होतात. एक वाचन ३० रुपयांना पडतं आणि दहावं पुस्तक हातात उरतंच. ओळीत ‘जुनं’ हा शब्द नाही, ‘स्वस्त’ नाही, दानधर्मही नाही. चार शब्द आहेत आणि ते एका वाचकाने दुसऱ्याला सांगावेत तसे आहेत. घोषवाक्य पारखायचं तर ते मित्राला फोनवर म्हणून बघावं. ‘अरे, एक घेतलं, दहा वाचली’ हे सहज तोंडात येतं. ‘गरजूंना मदत करा’ असं मित्राशी कुणी बोलत नाही. खालच्या ओळीतही नव्या-जुन्याचा प्रश्नच उरत नाही, कारण न वाचलेलं पुस्तक वाचणाऱ्याला नवंच असतं.

पण ही ओळ खरी ठरवणं आयोजकांच्या हातात आहे. एकाला एक एवढाच नियम ठेवला तर चांगली पुस्तकं पहिल्या तासातच जातात, त्यांच्या जागी गाईडं येऊन बसतात, आणि दुपारी येणाऱ्याच्या दृष्टीने ‘दहा वाचली’ हे खोटं ठरतं. हे टाळायला, आणलेलं पुस्तक जमा करून घेतानाच त्याच्या प्रकाराची चिठ्ठी द्यावी. कथा-कादंबरीची चिठ्ठी असेल तर कथा-कादंबरीच मिळेल, स्पर्धा परीक्षेची असेल तर त्याच टेबलावरचं. परीक्षेच्या टेबलावर प्रत्येक पुस्तकाचं आवृत्तीचं वर्ष बघावंच लागेल. राज्यघटनेच्या २०१८च्या पुस्तकात ऑगस्ट २०१९मधला कलम ३७०चा बदल असणार नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा फौजदारी कायद्याची त्याआधीची पुस्तकं चालू अभ्यासाला देऊ नयेत. अशा पुस्तकावर कुणाची परीक्षा बिघडली तर तो माणूस पुन्हा येणार नाही, आणि चार जणांना सांगेल ते वेगळंच.

आपल्याकडे आणखी एक तपासणी लागते. २०१९ आणि २०२१च्या पुरात भिजून वाळवलेली पुस्तकं अजून घराघरांत आहेत. वरून ती ठीक दिसतात, पण पानं लाटेसारखी उठलेली असतात आणि मधोमध उघडली की बांधणीच्या खाचेत बारीक गाळ दिसतो. कुबट वास येत असेल तर असं पुस्तक इतरांजवळ ठेवूच नये. ओल आणि बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही लागते.

फ्लेक्सबद्दल थोडं. दसरा चौकात गाडीवरून जाणाऱ्याला दोन-तीन सेकंदच मिळतात. दहा फुटांवरून नीट वाचायला अक्षर साधारण एक इंच उंच लागतं, म्हणजे साठ फुटांवरून सहा इंच. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत जागा सोडावी लागते. डिझाइन करणारे नेमकी हीच जागा दाबतात, कारण मान्यवरांचे फोटो बसवायचे असतात. घोषवाक्याला वरचा अर्धा भाग मोकळा द्यावा. तारीख आणि वर्ष फ्लेक्सवर टाकू नये, निराळ्या पट्टीवर लिहावं. पुन्हा वापरण्याचा उपक्रम आणि त्याचा फ्लेक्स एका दिवसात कचऱ्यात, हे बरं दिसत नाही.

जाता जाता आपल्या छायाचित्राबद्दलही तक्रार आहे. बातमीसोबतच्या फोटोत पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने करकचून बांधले आहेत आणि वरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किमतीची चिकटपट्टी दिसते. सुतळी मुखपृष्ठाच्या कडा कापते, आणि पट्टी काढताना वरचा रंगीत थर सोबत येतो. वर्तमानपत्राच्या रुंद पट्ट्यांनी गठ्ठा बांधावा आणि खूण पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने करावी. रद्दीसारखी बांधलेली पुस्तकं दाखवली तर वर कोणतंही घोषवाक्य लावा, लोकांना रद्दीच दिसणार. पुढच्या वेळी पुस्तक निवडणाऱ्यांचा फोटो छापावा आणि नमुन्याची ओळ उद्याच्याच अंकात बदलावी, ही विनंती. प्रवेशिका यायला सुरुवात झाली की उशीर झालेला असेल.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर