विषय : उवांच्या लोशनच्या मराठी माहितीपत्रकातील अपुऱ्या सूचना

मिरज, १४ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमचं १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मी ७ जूनला ६० मिलीच्या एका बाटलीत विकत घेतलं. औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तक्रार आहे ती खोक्यावरच्या 'एकाच वापरात उवा-लिखांपासून सुटका' या ओळीबद्दल आणि आतल्या मराठी कागदाबद्दल.

माझी मुलगी तिसरीत आहे, केस कंबरेपर्यंत. रविवारी ८ तारखेला तुमच्या चित्रात आहे तसं तेल लावलेल्या केसांवरच लोशन चोळलं आणि दहा मिनिटांनी धुतलं. संध्याकाळी फणीने सात-आठ मेलेल्या उवा निघाल्या. आम्ही खूश. कागदावर पुढे एवढंच : 'गरज वाटल्यास पुन्हा वापरावे.' गरज वाटली नाही, म्हणून नाही वापरलं. २० तारखेला शाळेतून आल्या आल्या पोरगी मान खाजवायला लागली. पांढऱ्या रुमालावर फणी झटकली तर तिळाएवढी ऊ चालताना दिसली.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "उद्या परत लावा, आणि या वेळी अर्धा-पाऊण तास ठेवा." मी ते न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, हे बरं झालं. त्यांनी जे दहा मिनिटांत समजावलं ते तुमच्या कागदावर चार ओळींत मावलं असतं.

या औषधाने चालत्या उवा मरतात, पण सगळ्या लिखा मरत नाहीत. लीख सात ते दहा दिवसांत फुटते आणि त्यातून निघालेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी नऊ-दहा दिवस जातात. म्हणून दुसरा हात नवव्या दिवशी द्यायचा. तोवर बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि नव्या उवा अजून अंड्यावर आलेल्या नसतात. दुसऱ्या दिवशी परत लावलं तर न फुटलेल्या लिखा तशाच राहतात. आमचा नववा दिवस होता १७ जून. तो तुमच्या 'गरज वाटल्यास'मध्ये गेला.

तेलाचंही तेच. केस आधी कंडिशनर नसलेल्या शाम्पूने धुऊन, टॉवेलने टिपून, ओलसर असताना लोशन लावायचं. कानामागे आणि मानेवर मुळापर्यंत पोचलं पाहिजे. दहा मिनिटं घड्याळ लावून मोजायची, मग धुवायचं आणि पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नाही. जास्त वेळ ठेवून जास्त मरत नाहीत, डोकं मात्र चुरचुरतं.

आणि घरातली बाकीची डोकी? तुमच्या कागदावर त्यांचा उल्लेखच नाही. मुलगी आजीजवळ झोपते. रविवारी २२ तारखेला ओल्या केसांतून बारीक फणी फिरवून पाचही जणांची डोकी एकाच दिवशी तपासली. सासूबाईंच्या अंबाड्यात चार जिवंत उवा, माझ्या डोक्यात एक. (सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच सोडल्या.) यजमान आणि मुलगा साफ निघाले, त्यांना लावलं नाही. आम्हा तिघींना त्याच संध्याकाळी लावलं, उशांचे अभ्रे आणि टॉवेल कडक गरम पाण्यात काढले. घरभर फवारणी लागत नाही, डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. दुसरा हात तिघींना मंगळवारी १ जुलैला दिला. काल पुन्हा फणी फिरवली, काही नाही. मुलीच्या केसांवर मुळापासून इंचभर लांब पांढरी टरफलं अजून चिकटलेली आहेत. ती रिकामी आहेत, नखाने ओढून काढावी लागतात. कोंडा असता तर झटकून पडला असता. हे माहीत नसलेली आई ती टरफलं बघून तिसरी बाटली आणेल. तुमचा खप वाढेल, एवढंच.

लावल्यावर आठ-बारा तासांनीही उवा पूर्वीइतक्याच चपळ दिसल्या तर औषध त्यांना लागू पडत नसावं आणि डॉक्टरांना विचारून औषध बदलावं, हेही कागदावर कुठे नाही.

माझ्या मागण्या अशा : 'एकाच वापरात' ही ओळ काढा. तेलाच्या वेणीचं चित्र बदला. नवव्या दिवसाची तारीख लिहायला खोक्यावर मोकळा चौकोन ठेवा. सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासण्याची सूचना मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापा. फोनवर बसणाऱ्यांना हा कागद आधी वाचायला द्या. पहिल्या बाटलीचे पैसे परत हवेत. बिलाची प्रत आणि मराठी माहितीपत्रक सोबत जोडलं आहे, चुकीच्या जागा लाल शाईने खुणावल्या आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक