विषय : 'फूड इनटॉलरन्स' रक्त तपासणीच्या दिशाभूल करणाऱ्या अहवालाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

काल संध्याकाळी तुमच्या 'न्यूट्रिशन एक्स्पर्ट'शी चौथ्यांदा बोलले आणि फोन ठेवल्यावर हे पत्र लिहायला बसले.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं पोट सतत दुखायचं, म्हणून ६,४९९ रुपये भरून तुमची तपासणी केली. अहवालात गहू, दूध, शेंगदाणे आणि तूरडाळ लाल रंगात, तर कोळंबी आणि अक्रोड हिरव्या. आम्ही शाकाहारी आहोत, कोळंबी तिनं जन्मात खाल्लेली नाही आणि अक्रोड आमच्या घरात येत नाही. जे ती रोज खाते तेच लाल आलं, हे तुमच्या एकाही माणसाला खटकलं नाही?

तुम्ही रक्तातलं आयजीजी मोजता. माणूस जे अन्न खातो त्याविरुद्ध ही प्रतिपिंडं निरोगी शरीरातही तयार होतात. ती दिसली म्हणजे ते अन्न पोटात गेलं आहे, एवढंच. ॲलर्जीत पाहतात ते आयजीई, हे वेगळं प्रतिपिंड. दूध न पचण्यात तर प्रतिपिंडांचा संबंधच नसतो, तिथे लॅक्टेज हे विकर कमी पडतं. अन्न न सोसण्याच्या निदानासाठी आयजीजीचाच एक प्रकार असलेल्या आयजीजी४ची तपासणी करू नये, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच सांगितलं आहे. तपासणी विकणाऱ्यांना हे माहीत नाही, असं मी मानणार नाही.

मी कालच्या बाईंना विचारलं, "हे आयजीजी आहे की आयजीई?" त्या म्हणाल्या, "मॅडम, हे ॲडव्हान्स्ड आहे." मी पुन्हा विचारलं. "मॅडम, लाल म्हणजे शरीर ते अन्न नाकारतंय." अहवालातलं लाल अन्न बंद केल्यापासून मुलीचं वजन दोन किलो उतरलंय, असं मी सांगितलं. त्यावर, "म्हणजे डिटॉक्स सुरू झालंय! सहा महिन्यांनी री-टेस्ट करा, वीस टक्के सूट देते." माझ्या मुलीचं वजन घटतंय आणि तुम्ही मला सूट देता! शिवाय अन्न बंद केल्यावर आयजीजी बहुधा उतरतंच. मग तोच उतरलेला आकडा दाखवून 'फरक पडला' म्हणणार!

खरं नुकसान पुढे आहे. तीन महिने डब्यात पोळी नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. वजन-उंची पाहून त्यांना सिलिॲकची शंका आली, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याची रक्त तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. गहू बंद असेल तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. आता सहा आठवडे तिला रोज पोळी खायला घालायची, पोट दुखलं तरी, आणि मग रक्त द्यायचं. गहू बंद करायला तुम्ही सांगितलंत. आधी डॉक्टरांना विचारा, हे एका शब्दानंही सांगितलं नाहीत.

'हे वैद्यकीय निदान नाही' ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. पहिल्या पानावर लाल रंगात 'टाळा' छापलंय.

पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत करा आणि आयजीजीचा खरा अर्थ वेबसाइटवर पहिल्या पानावर लिहा. नाहीतर अहवाल आणि कॉलचं रेकॉर्डिंग घेऊन मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.

— एक ग्राहक, नाशिक