प्रात्यक्षिक म्हणजे औपचारिकता?

मा. संपादक, स. न.

कालच्या अंकातला वेल्डर ट्रेडच्या परीक्षेवरचा लेख वाचला. (पेपर आमच्या गावात दुपारच्या एसटीनं येतो, म्हणून राग एक दिवस शिळा आहे.) "थिअरीचं गाईड आठ दिवस वाचा, प्रात्यक्षिक ही औपचारिकताच" असं लिहिणाऱ्यानं हातात होल्डर कधी धरला होता का, एवढंच विचारायचं आहे.

माझा पुतण्या माझ्याच फॅब्रिकेशनच्या दुकानात दोन महिने रोज संध्याकाळी उभ्या जॉबचा सराव करत होता. १० एमएमची प्लेट, दोन्ही कडांना ३० अंशाचा बेवेल, आणि गॅप मोजायला अडीचच्या रॉडचं फ्लक्स झाडून नुसती तार मधात धरायची. खालून वर रूट रन, म्हणजे सांध्याच्या तळाचा पहिला थर, मारताना वितळलेल्या मालाच्या डबक्याच्या वरच्या टोकाला छोटं भोक दिसत राहिलं पाहिजे, भोक बुजलं तर मागपर्यंत माल गेला नाही, मोठं झालं तर माल मागं गळते. हे पोट्ट्याला जमायला लागलं होतं राजेहो.

पण संध्याकाळी आमच्याकडे मोटारी चालू असल्या की व्होल्टेज १८० वर येते. आमचा वेल्डिंगचा जुना ट्रान्सफॉर्मर सेट, इकडे २३० चे १८० झाले की करंटही त्याच हिशोबानं पडते, म्हणून रॉड चिकटू नये यासाठी पोट्टा करंटचं हँडल ९० अँपिअरवर ठेवायचा. खरं मिळत होतं ७० च्या आसपास, आणि अडीचच्या रॉडला उभ्यात तेवढंच लागते. त्याच्या डोक्यात मात्र ९० बसलं. चूक माझी, मी मीटर लावून दाखवायला पाहिजे होतं.

परीक्षेच्या दिवशी सेंटरवर व्होल्टेज पूर्ण. यानं सवयीनं ९० लावलं. आधी भंगार तुकड्यावर एक रन मारून पाहू द्या म्हणाला तर उत्तर मिळालं, "वेळ नाही, सरळ जॉबवरच मार." तो एक तुकडा भेटला असता तर दोन इंचातच समजलं असतं, आवाज फाटल्यासारखा येते, शिंतोडे उडतात, रॉड लालभडक होते. जॉबवर समजलं तोवर भोक पार उघडलं होतं, मागच्या बाजूनं मालाचे थेंब लोंबत होते अन् कडेला खाच पडून अंडरकट. झाला जॉब बाद.

गंमत अशी की थिअरीच्या पेपरात 'करंट जास्त झाल्यास काय होते' हाच प्रश्न होता. पोट्ट्यानं तो बरोबर सोडवला, थिअरीत पास आहे. तुमच्या लेखकाला कळवा.

जाता जाता, शनिवारच्या अंकात नोकरीच्या जाहिरातींचं पान दोन आठवड्यांपासून आमच्याकडे येतच नाही. तीही औपचारिकताच आहे का?

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, जि. यवतमाळ