जुन्या तसबिरी भंगारात देण्याआधी

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनी घरे पाडताना लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी सर्रास भंगारात जातात. कृपया त्या आधी भिंगातून पाहाव्यात; त्या जुन्या शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, असू शकतात.

त्यापूर्वी चित्रे लाकडी ठशाने छापत. त्या ठशात रेघ शिल्लक ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढावे लागे. रेघ ठसठशीत येई, पण गालावरची मऊ छटा साधत नसे. तशी छटा हवी तर चित्रकाराकडून रंगवून घ्यावे लागे, आणि ते सावकार-सरदारांनाच परवडे.

शिळाछापाने हे बदलले. यात कोरणे नाही. घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि डिंकात किंचित नायट्रिक आम्ल मिसळून त्यावर लावायचे. मग दगड ओला ठेवून रूळ फिरवला की शाई तेलकट जागीच धरते. दगड सुकला तर कोऱ्या जागाही मळतात. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागे, तरी एकदा तयारी झाली की हजारो प्रती निघत. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा आणि मुंबईत १८९४ साली रविवर्मा छापखाना सुरू झाला, तेव्हा असे देव साध्या घरांतही आले.

ओळखायचे कसे? शिळाछापात चेहऱ्यावर हाताने दिलेले लहानमोठे, विखुरलेले ठिपके दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ते एकसारख्या ओळींत असतात. कागद दमट हवेत ताणला गेल्याने लाल रंग ओठाबाहेर सरकलेलाही आढळतो. कागद काचेला चिकटला असेल, तर ओढून काढू नये.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)