मोशीच्या प्रदर्शनातल्या शेजारच्या स्टॉलवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका नमस्कार, मी तुमच्या शेजारचा कडबा कुट्टीवाला. डिसेंबरात किसान प्रदर्शनाला तुम्ही रबर मॅट घेऊन बसला होतात आणि गर्दी जरा ओसरली की माझी वही बघून म्हणायचात, नुसतं नाव-नंबर लिहून काय उपयोग, माणूस काय बोलला ते लिही. त्यासाठीच हे लिहितोय, इथं सगळ्यांसमोर, कारण बाकीच्या स्टॉलवाल्यांच्याही कामाचं आहे.

तुमच्या सांगण्यावरून मी प्रत्येक नंबरापुढे दोन ओळी लिहायला लागलो. बारामतीकडच्या एका दादांपुढे लिहिलेलं, "८ गाई, गोठ्यावर सिंगल फेज, नेपियर ओला कापताना जाम होतं का." व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर सगळ्यांना एकच कॅटलॉग टाकायचा विचार सोडला, कारण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. दादांना तिसऱ्याच दिवशी वेगळा मेसेज केला:

"दादा नमस्कार, मोशीला तुम्ही ओल्या नेपियरचं विचारलेलं, ८ गाई आहेत म्हणालेलात. म्हणजे दिवसाला साधारण २०० किलो हिरवा चारा, त्याला २ एचपी सिंगल फेज पुरेल, थ्री फेजच्या लाइटची वाट बघायला नको. रविवारी आमची गाडी बारामतीला येतेय, तुमच्याच गोठ्यावर तुमचाच नेपियर कापून दाखवतो. सकाळी १० जमेल की दुपारी ४?"

अर्ध्या तासात रिप्लाय, "४ ला या." मशीन घेणार का असं कुठं विचारलंच नव्हतं, फक्त वेळ विचारली, आणि हे तुमचंच शिकवणं, की माणसाला हो म्हणायला सोपं असं एकच काम सांगायचं.

अजून एक गोष्ट तुम्ही सांगितली नसती तर मला कळायला वर्ष गेलं असतं. "सबसिडी बसते का" विचारणाऱ्यांना डेमोसाठी मागं लागायचं नाही. महाडीबीटीवर पूर्वसंमती यायच्या आधी मशीन घेतलं तर अनुदान मिळत नाही, म्हणून ती माणसं थांबणारच, त्यात त्यांची टाळाटाळ नसते. त्यांना कोटेशन आणि टेस्ट रिपोर्ट पाठवायचा, कारण अर्जाला तेच लागतं, आणि लिहायचं की संमती आली की कळवा. मग महिन्याने एक फोन, अर्ज कुठवर आला एवढंच विचारायला. असे लोक माझ्या वहीत बरेच निघाले, आणि कागद वेळेवर आले म्हणून तेच उलट मला फोन करतायत.

आणि हो, बारामतीच्या दादांनी मशीन घेतलं. गोठ्यावर खाली कोबा आहे, गाई घसरतात म्हणून मॅटचं विचारत होते, त्यांना विचारूनच तुमचा नंबर दिलाय. साडेसहा बाय चारच्या ८ लागतील. मंगळवारी संध्याकाळी धारा काढून झाल्या की साडेसातनंतर फोन करा, तेव्हा ते निवांत असतात.