सिंहगडाची पैज

पुणे, रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

आधी शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. दिवाळीनंतर एक ओळ नाही, फोन नाही. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हेसुद्धा मला दिल्याकडून कळलं. माझी तब्येत बरी आहे, असं लिहिणार होतो, पण मग हे पत्रच लिहायचं कारण उरत नाही. बरी आहे म्हणजे आता बरी आहे. मागल्या मंगळवारी पर्वतीवर मी आडवा झालो. आणि त्यात तुझा हात आहे. खरंच हात. सांगतो.

रोजच्यासारखा सहाला निघालो. वर पोचल्यावर कठड्याला टेकून नाडी मोजायची, हा माझा नेम तुला ठाऊक आहे, कारण तो तूच लावलास. ‘मनगटाला काय चाचपडतोस, गळ्याला धर, घण घातल्यासारखी लागते,’ हे वाक्य तू तालमीत इतक्या वेळा म्हटलंस की मोघे मास्तरसुद्धा गळा धरायला लागले होते. तर मीही गळा धरला. आणि तुझ्याच पद्धतीनं धरला: कंठमण्याच्या एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, मांजराचं पिल्लू उचलावं तसं. दहा सेकंद मोजले. ठोके नऊ. गुणिले सहा, म्हणजे चोपन्न. अरे, इतका जिना चढून आल्यावर माझे एकशे दहाच्या आसपास असतात, म्हणजे दहा सेकंदांत अठरा तरी यायला हवेत. मला वाटलं नीट लागत नाहीये. म्हणून आणखी दाबलं. मग समोरची पर्वती हळूहळू पांढरी होत गेली आणि पुढचं आठवतं ते थेट शेंगदाणेवाल्याच्या टोपलीशेजारून.

पुढचा तमाशा ऐक. भोवती माणसं जमली. एका गृहस्थांनी ‘जिवंत आहे का बघू’ म्हणून परत माझा गळाच पकडला! पुण्यात ज्ञानी माणसं कमी नाहीत. नशिबानं एक निवृत्त परिचारिका रोज त्याच वेळी येतात, त्यांनी त्या गृहस्थांचा हात झटकला आणि माझे पाय उचलून कठड्यावर ठेवले. मनगटाला बोटं लावली, काही लागेना. तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीकडच्या अंगाला चाचपलं, तिथे लागली. नंतर मला म्हणाल्या, मनगटाला न लागणं हीसुद्धा माहितीच असते, प्रेशर खाली गेलं की तिथली नाडी आधी हरवते. मी दोन मिनिटांत उठून बसलो आणि शेंगदाणेवाल्याची माफी मागितली.

मी त्यांना विचारलं, मग गळ्याला बघतात ते खोटं का? खोटं नाही. एखादा निपचित पडला तर डॉक्टर-नर्स गळ्यालाच बघतात, कारण ती मोठी धमनी, प्रेशर कोसळलं तरी तिथे काही लागण्याची शक्यता जास्त. तेही हलक्या हातानं, एकाच बाजूला आणि दहा सेकंदांच्या आत. आपल्यासारख्यांनी त्या फंदात पडूच नये. हाक मारून, हलवून माणूस प्रतिसाद देत नाही आणि श्वास घेत नाही, किंवा नुसते आचके देतोय, एवढं दिसलं की १०८ लावायचा आणि छाती दाबायला सुरुवात करायची. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातली नाडी लागते आणि तो हात बांधून बसतो.

मुलानं अर्थातच डॉक्टरांकडे नेलं. इसीजी, इको, चोवीस तासांची पट्टी, सगळं नीट. मग डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘पडायच्या आधी हात कुठे होता?’ मी दाखवला. ते हसले. सुध्या, आपण पन्नास वर्षं जिथे अंगठा रोवत आलो तिथे, जबड्याच्या कोपऱ्याखाली, गळ्याची मोठी धमनी दोन फाट्यांत विभागते. त्या फाट्याशी तिला एक फुगवटा असतो. त्याच्या भिंतीत प्रेशर मोजणारे मज्जातंतू बसलेले असतात. भिंत ताणली की ते मेंदूला कळवतात, ‘प्रेशर वाढलं,’ आणि मेंदू लगेच हृदयाचा वेग कमी करतो, नळ्या सैल सोडतो. रक्ताच्या दाबानं भिंत ताणली की बाहेरून बोट रोवल्यामुळे, यातला फरक त्या बिचाऱ्याला कळत नाही. म्हणजे मी नाडी मोजत नव्हतो रे, मी ती कमी करत होतो आणि कमी झालेली मोजत होतो. मग कमी येतेय म्हणून आणखी दाबत होतो!

तरुणपणी याचं फार बिघडत नाही, वेग जरासा उतरतो. पण वय झालं की काहींच्यात हा फुगवटा भलताच तापट होतो, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. माझा तसा निघाला. डॉक्टरांनी झोपवून, इसीजी लावून, आधी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोपनं सूं सूं आवाज येत नाही ना हे ऐकून, मग उजव्या बाजूला काही सेकंद चोळलं. पडद्यावरची रेघ चार सेकंद सरळ! तीन सेकंदांच्या वर थांबलं की ते या रोगाचं धरतात. मला तेवढ्यात खोल विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. डावीकडे मात्र जवळजवळ काहीच नाही. हा प्रयोग दवाखान्याबाहेर कुणी करायचा नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं, कारण माझा चेहरा बघून त्यांना संशय आला असावा की मी हे पत्रात लिहीन आणि तू तिकडे करून बघशील.

पेसमेकर सध्या नको म्हणाले, आपण होऊन भोवळ आली तर बघू. घट्ट कॉलर नको, दाढी करताना गळ्यावर जोर नको, मान झटकन वळवायची नाही. आणि मफलर आवळायचा नाही! पुण्याच्या थंडीत माझ्यासारख्याला हे सांगणं म्हणजे धर्मांतरच.

आता तुझ्याकडे येतो. परवा दुसऱ्याच कुणाच्या व्हिडिओ कॉलवर मागे तू बाल्कनीत गळा धरून घड्याळाकडे बघत उभा होतास, मी बघितलं. तुला प्रेशर आहे, साखर आहे, आणि सिगारेट सुटली असं तू म्हणतोस. स्वतःवर मी हसतो आहे, पण तुझ्या बाबतीत मला झोप लागत नाही. कारण भोवळ हा यातला स्वस्त प्रकार. तुझ्या-माझ्या वयात नेमक्या त्या फाट्याशी चरबीचा थर साचतो. तो ठिसूळ असला आणि वरून बोट रोवलं, तर एखादा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा त्याचं नाव पक्षाघात. म्हणून तर डॉक्टर आधी आवाज ऐकतात. आणि तुझी ती चिमट्याची पद्धत, अंगठा एकीकडे न बोटं दुसरीकडे, त्यात मेंदूकडे जाणाऱ्या दोन्ही मोठ्या नळ्या एकदम दाबल्या जातात.

मनगट धर. तुझ्या आप्पांना वैद्यबुवा तीन बोटं लावून बघायचे ना, तीच जागा: तळहात वर, अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या वळीपासून बोटभर अंतरावर, बाहेरचं हाड आणि आतली ताठ दोरी यांच्यामधली खोबण. तर्जनी-मधलं ठेव, अंगठा नाही, त्यात त्याची स्वतःची नाडी असते. आधी किंचित दाब आणि मग ठोके लागेपर्यंत सैल कर. लागत नाही म्हणून माणूस दाबतो आणि धमनीच मिटवून बसतो, हीच तुझी जुनी तक्रार, ‘मला मनगटाला लागतच नाही’. अरे, तुला लागायची नाही कारण तू पकडीनं नट आवळल्यासारखं धरायचास. तीस सेकंद मोज आणि दुप्पट कर. दहा सेकंदांत एक ठोका चुकला की हिशेबात सहा चुकतात. आणि ठोके वेडेवाकडे, तालाबाहेर पडताहेत असं वाटलं तर पूर्ण मिनिट मोज आणि डॉक्टरांना सांग, मला नको. थंडीत बोटं गारठली असतील तर कोपराच्या आत बघ, नाहीतर सरळ डाव्या छातीवर तळवा ठेव. गळ्याला हात लावायची अगदीच खाज सुटली, तर कंठमण्याच्या खालच्या अंगाला, श्वासनळीच्या कडेला, एकाच बाजूला, फुलपाखरू बसावं इतका. पण तुझा हात फुलपाखराचा नाही.

नात झाल्याचं ऐकलं. अभिनंदन, आणि उशिराबद्दल क्षमा. तिच्या गळ्यात तर शोधूच नकोस, त्या वळ्यांत काही सापडत नाही. तान्ह्याची नाडी दंडाच्या आतल्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर बघतात. शंभराच्या वर लागली तर घाबरून कुणाला उठवू नकोस, त्यांची तशीच असते. घराचं काम कुठवर आलं? भिंतीचं भांडण मिटलं का?

आता मुख्य मुद्दा. सन १९७९, सिंहगड, पिठलं-भाकरीच्या टोपलीशेजारी लागलेली पैज. चढून आल्यावर ज्याची नाडी कमी, त्याला मिसळ. पंधरा सेकंदांत माझे तीस, मनगटाला मोजलेले, म्हणजे एकशे वीस. तू आधी ताक प्यालास, टॉवेल घेतलास आणि मग गळा धरून एकवीस मोजलेस, चौऱ्याऐंशी. त्या दिवसापासून ‘माझं हृदय पैलवानाचं’ हे मी चार दशकं ऐकतोय, तुझ्या लग्नातसुद्धा ऐकलं. सुध्या, थांबल्यावर पहिल्या मिनिटातच नाडी भराभर उतरते, हे एक. आणि दुसरं, तू गळा दाबून ती आणखी खाली आणलीस, पुराव्याला मी स्वतः पर्वतीवर पडलेला आहे. दोन्ही मिळून किती फरक पडला हे आज कोण सांगणार, पण निकाल मी रद्द करतो. दिल्या पंच होता, त्यालाही मी कळवलंय. त्याचं म्हणणं, पैज पुन्हा लावा. लावू, पण दोघांनी मनगटाला, एकाच घड्याळावर, पायऱ्या संपल्या त्या क्षणी.

मार्चमध्ये येतोस तेव्हा दोन मिसळी तुझ्याकडे. एक पैजेची, एक शेंगदाण्यांच्या टोपलीची.

उद्या सकाळी मनगटाला धरून किती आली ते मला कळव. वहिनींना गुडघ्यासाठी सांग, की पायऱ्यांना घाई नको.

तुझा,
विन्या