रविवारी पावडरचे डबे घेऊन या
सर्व पालकांना नमस्कार. रविवारी सकाळी ७ वाजता, चिमणबाग मैदान, इंदूर. मुलं घेतात ती प्रोटीन पावडर, क्रिएटिन, एनर्जी ड्रिंक, जे असेल ते आणा. लेबल एकत्र वाचू.

परवा आपल्या एका खेळाडूनं सरावाआधी २५० मिलीचा कॅन प्यायला: कॅफीन ७५ मिलिग्रॅम. वर दादाच्या प्री-वर्कआउट पावडरचा एक चमचा, आणखी २००. पन्नास किलोच्या मुलाला दिवसभरात दीडशेच्या वर नको! हात थरथरले, छाती धडधडली. 'मुलांसाठी नाही' हे कॅनवर होतंच, बारीक अक्षरात.

• मैदानावर एनर्जी ड्रिंक बंद. लिंबूसरबत आणा.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन नको.
• डब्यावर न छापलेलं बंदीचं द्रव्य डोपिंग चाचणीत सापडलं, तरी जबाबदार खेळाडूच.